‘बाया २’ म्हणजे कोण?

आमच्या सुप्याच्या घराची वास्तुशांत झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. मांडवाचे बांबू अजून उतरायचे होते. पाहुण्यांपैकी निम्मे मुक्कामाला राहिले होते आणि ओट्यावर चहा चालला होता. तेव्हा दाजी म्हणाले, "घर चांगलं झालं, जेवण चांगलं झालं. पण ते भाषण नको होतं." आदल्या दिवशी पंगतीआधी, घर कोणी कसं उभं केलं ते मी माईकवर नावं घेऊन सांगितलं होतं, ते हे भाषण.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि शेवटी मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. ते उगीच बोलत नाहीत, आणि माझ्या वडिलांच्या मागे मला वडिलांच्या जागी तेच आहेत. म्हणून त्यांच्या म्हणण्याला मी ओट्यावर उत्तर दिलं नाही. पण चहा पिणाऱ्या सात-आठ जणांनी माना डोलावल्या, आणि पुढच्या महिनाभरात तेच मुद्दे मला नणंदेकडून, शेजारच्या काकूंकडून आणि माहेरूनही ऐकायला मिळाले. आता उत्तर द्यायलाच हवं. हा लेख आधी दाजींना वाचून दाखवला आहे. त्यांचं मत बदललेलं नाही, पण छापायला त्यांची हरकत नाही.

त्यांचं म्हणणं तीन भागांत होतं. पहिला, मजुरांना मजुरी मोजून दिली, मग आभार कसले? दुसरा, घरच्यांचे आभार मानणं म्हणजे त्यांना परकं करणं. तिसरा, माईकवर नावं घेतली की मानपान आला; ज्याचं नाव राहिलं तो दुखावणार आणि ज्याचं मागून आलं तोही. बोलायचंच होतं तर ‘ज्यांचं प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष साहाय्य लाभलं त्या सर्वांचे आभार’ हे एक वाक्य पुरेसं होतं, असं दाजींचं मत.

पहिल्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो सगळ्यांना पटकन पटतो आणि तोच सगळ्यांत कच्चा आहे.

आमचा स्लॅब नऊशे चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा. मार्चच्या अखेरीला टाकला. बीमसकट शंभराच्या आसपास गोण्या सिमेंट लागणार होतं. स्लॅबची टोळी बावीस जणांची होती आणि काम उक्तं होतं, म्हणजे चौरस फुटावर ठरलेलं. उक्त्या कामात टोळी किती तास राबली याला मोल नसतं. स्लॅब पूर्ण झाला की ठरलेली रक्कम मिळते.

सकाळी सातला मिक्सर सुरू झाला. दुपारी दीडच्या सुमाराला त्याचं इंजिन बंद पडलं. तोवर दोन तृतीयांश स्लॅब भरून झाला होता. स्लॅबचं काम मध्येच थांबवता येत नाही, हे ज्यांनी घर बांधलंय त्यांना माहीत असेल. उन्हात टाकलेला माल तास-दीड तासात घट्ट व्हायला लागतो. त्याला नंतर नवा माल भिडवला तर दोन्ही एकजीव होत नाहीत, मध्ये जोड राहतो. डोळ्यांना तो पहिल्या वर्षी दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात छताच्या खालच्या बाजूला एक सरळ ओली रेघ उमटते, मग तिथला रंग फुगतो, आणि आत सळईला गंज धरतो. पुढे गिलावा पडायला लागला की मालक रंगाऱ्याला बोल लावतो. दोष असतो स्लॅबच्या दिवशीच्या त्या दोन तासांचा.

टोळीला थांबायला काहीच हरकत नव्हती. मिक्सर बिघडला हे सगळ्यांनी पाहिलं होतं. "मशीन नाही, उद्या येतो" म्हणून ते घरी गेले असते तर त्यांचा एक पैसाही कमी झाला नसता, आणि मला स्लॅबातलं काही कळत नव्हतं, त्यामुळे मी त्यांना अडवलंही नसतं. आमच्या मिस्त्रींनी पत्रे अंथरायला लावले. हाताने कालवलेल्या मालात सिमेंट थोडं जास्त घालावं लागतं, तेही त्यांनी बजावून घालायला लावलं. बावीस जणांनी उरलेला माल फावड्यांनी कालवला, घमेल्यांनी वर चढवला. जेवायला एकदम सगळे बसले नाहीत. चार-चार जण आलटून-पालटून भाकरी खाऊन परत लागले. दिवस मावळताना शेवटचं घमेलं वर गेलं. जोड राहिला नाही. तेव्हापासून दोन पावसाळे गेले, छत कोरडं आहे.

आता दाजींना माझा प्रश्न आहे. मी मजुरी मोजली ती कशाची? नऊशे चौरस फुटांची. त्या दुपारी "उद्या येतो" न म्हणण्याचा दर माझ्या ठरावात नव्हता, कोणाच्याच ठरावात नसतो. ते त्यांनी आपलं काम म्हणून केलं. त्याची किंमत पैशात करायला मी निघाले असते तर तीही चुकीचीच ठरली असती. करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. त्या दुपारी काय झालं ते चार लोकांसमोर, त्यांच्या समोर, खरं-खरं सांगणं. ते मी केलं.

दुकानदाराचे आभार मानतो का, असंही दाजींनी विचारलं होतं. दुकानदाराकडे पाटी असते. गवंड्याकडे, फरशीवाल्याकडे, टोळीच्या मुकादमाकडे पाटी नसते. त्यांचं पुढचं काम तोंडी येतं. आमच्या पंगतीत त्या दिवशी घर काढायच्या विचारात असलेले निदान तीन जण होते. सुपा औद्योगिक वसाहतीमुळे आमच्या आजूबाजूला दरवर्षी किती तरी घरं उठतात. अशा ठिकाणी "मिक्सर बंद पडला तरी यांनी जोड ठेवला नाही" हे मालकिणीने स्वतः माईकवर सांगणं म्हणजे त्या टोळीला दिलेलं प्रमाणपत्र होतं. त्यातल्या एका पाहुण्याने जेवण झाल्यावर मुकादमाचा नंबर घेतला. मी पाहिलं म्हणून सांगते.

या मुद्द्यात दाजींचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. मजुरी बाकी ठेवून माईकवर गोड बोलणारे लोक असतात. अशा माणसाने बोलू नये. वास्तुशांतीआधी आठ दिवस मी सगळ्यांचे हिशोब मिटवले आणि वहीत प्रत्येकाची सही किंवा अंगठा घेतला. फरशीवाल्याशी दोन खोल्यांच्या मापावरून वाद होता. फूटपट्टी घेऊन दोघांनी पुन्हा मोजलं, चूक माझी निघाली, फरक दिला. त्यानंतरच भाषण लिहायला बसले. हा क्रम उलटा झाला असता तर दाजींचा आक्षेप मी निमूट मान्य केला असता.

दुसरा मुद्दा अवघड आहे. घरच्यांचे आभार मानले की त्यांना परकं केल्यासारखं होतं, हे खरंच आहे. आपल्याकडे आई मुलाला ‘आभारी आहे’ म्हणत नाही, आणि सासरे सुनेला म्हणाले तर ती दिवसभर विचार करत बसेल की काय चुकलं. मी लहान होते तेव्हा शहरातून आलेली एक पाहुणी माझ्या आजीला ‘थँक्यू’ म्हणाली. आजी नंतर म्हणाली, "पोरगी चांगली आहे, पण हिशोब मिटवून गेली." ते वाक्य मी विसरलेले नाही. म्हणूनच माझ्या चार मिनिटांच्या बोलण्यात ‘आभार’ हा शब्द एकदाही आलेला नाही. दाजींनी आठवून पाहावं. मी फक्त कोणी काय केलं ते सांगितलं.

तात्यांचंच उदाहरण घेते. तात्या माझे चुलत सासरे, वय सत्तरच्या पुढे. स्लॅब टाकला त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी वर चढून मातीचे छोटे बांध घातले, आळी केली आणि त्यात दोन बोटं पाणी उभं केलं. काँक्रीट वाळून कडक होतं असा पुष्कळांचा समज असतो. ते पाणी पिऊन कडक होतं. पाणी लवकर उडालं तर वरच्या थरावर केसाएवढ्या भेगा पडतात आणि आतली ताकद कायमची कमी राहते. भारतीय मानक ब्यूरोच्या ४५६ क्रमांकाच्या मानकात साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा दिवस ओल ठेवायला सांगितली आहे. राखेच्या सिमेंटची ओल चौदा दिवसांपर्यंत वाढवावी, अशी शिफारसही आहे. आता आमचं गाव पाहा. उघडं माळरान आहे, आणि वारा एवढा की जवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत. एप्रिलमध्ये सकाळी भरलेलं आळं संध्याकाळपर्यंत तळ दाखवतं. नऊशे फुटांवर दोन इंच पाणी उभं करायचं म्हणजे पहिल्या भरावालाच चार हजार लिटरच्या वर लागतं, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात ते पाणी टँकरने येतं.

तात्यांनी चौदा दिवस ही आळी सांभाळली. पहाटे साडेपाचला एकदा आणि उन्हं उतरल्यावर एकदा. मधल्या एका दिवशी टँकर आला नाही, तेव्हा पोती भिजवून अंथरली. ते कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या यजमानांची वसाहतीत पाळी असायची, मी घर आणि मुलं पाहायची. मला ते कळलं ते शिडीच्या पायऱ्यांवर ओले पाय उमटलेले दिसायचे म्हणून.

हे सगळ्यांसमोर सांगितल्याने तात्या परके झाले का? मी बोलत होते तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती, हे दाजींनी पाहिलं आणि त्यांना ते अवघडलेपण वाटलं. असेलही. पण त्याच संध्याकाळी तात्या आमच्या आणि भावकीतल्या पाच-सहा पोरांना घेऊन गच्चीवर गेले आणि आळं कसं घालतात, बांध कुठून फुटतो, भेग कशी ओळखायची ते अर्धा तास सांगत होते. त्यांना इतकं बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. आपलं काम कोणाच्या तरी ध्यानात आलं, एवढंच त्यांना कळलं होतं. आजी ज्याला हिशोब मिटवणं म्हणाली ते वेगळं. तिथे काम नव्हतं, फक्त शब्द होता.

घरच्यांच्या बाबतीत एक मर्यादा मात्र मी पाळली आणि ती सगळ्यांनी पाळावी. पैशाची मदत माईकवर सांगायची नाही. माझ्या भावाने हातउसने पैसे दिले होते, बिनव्याजी, स्वतःची एक गरज पुढे ढकलून. त्याच्याबद्दल मी एवढंच म्हणाले की विटांचं काम थांबायची वेळ आली तेव्हा तो एका फोनवर आला. रक्कम सांगितली असती तर त्याच्या घरात प्रश्न उठला असता आणि इतर नातेवाइकांनी मनात तुलना केली असती. त्याला मी आदल्या रात्री विचारलंही होतं, काय सांगू आणि काय नको. प्रत्येकाला तसं विचारणं हा भाषणाच्या तयारीचा भाग आहे.

आता मानपानाचा मुद्दा. इथे दाजींचा अनुभव मोठा आहे. शाळेच्या गॅदरिंगला आभारप्रदर्शनात एका ग्रामपंचायत सदस्याचं नाव राहिलं म्हणून वर्षभर अबोला धरलेला त्यांनी पाहिलाय. पण तो घोटाळा होतो कशाने? नावं मानाच्या क्रमाने घेतल्याने. आधी अध्यक्ष, मग प्रमुख पाहुणे, मग उपस्थित मान्यवर. अशा यादीत तिसरा आलेला माणूस दुसऱ्याकडे बघतोच.

मी नावं कामाच्या क्रमाने घेतली. घर ज्या क्रमाने उभं राहिलं त्याच क्रमाने: पाया, जोतं, चौकट, भिंती, स्लॅब, गिलावा, फरशी, नळ आणि वायरिंग, रंग. मामांनी पायाच्या आखणीला दिवसभर दोरी धरली, म्हणून ते पहिल्याच वाक्यात आले. माझे सख्खे दीर रंगाच्या वेळी आले, म्हणून शेवटी. मधे बिगारी, सुतार, आत्या, वायरमन सगळे आपापल्या जागी. या क्रमात वर-खाली नसतं. दीर काही बोलले नाहीत, कारण आपण रंगाच्या वेळी आलो होतो हे त्यांनाही ठाऊक होतं.

बोलणं साधारण असं होतं. नावं इथे गाळली आहेत, कारण ती छापायला मी कोणाला विचारलेलं नाही. त्या दिवशी प्रत्येक नाव घेतलं होतं.

"जेवायला बसण्याआधी चार मिनिटं द्या. हे घर कसं झालं ते सांगते. पाया खोदताना पाच फुटांवरही मऊ मुरूम लागत होता. मिस्त्री म्हणाले, अजून एक फूट जाऊ. आमचा खर्च वाढणार होता, आम्ही नको म्हणत होतो. त्यांनी आम्हाला खड्ड्यात उतरवलं आणि पहार मारून दाखवली. पुढच्या फुटाला पहार वाजली, तिथे हे घर उभं आहे. खोदणारे चौघे होते, त्यांची नावं ही. जोत्याची भर चोपताना रोज पाणी मारायला आत्या येत होत्या, त्यांच्या गुडघ्याचं दुखणं तेव्हाही होतं. ही चौकट ज्यांनी घडवली त्यांनी ती दोनदा उतरवली, ओळंब्यात बसेना म्हणून, आणि तिसऱ्यांदा बसवली. तिसऱ्यांदा बसवायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. विटा आणि माल वाहणाऱ्या दोघी जणी इथे बसल्या आहेत. या घराची प्रत्येक वीट त्यांच्या डोक्यावरून गेली आहे, त्यांची नावं ही…"

मग स्लॅबची दुपार, मग तात्यांची आळी, आणि पुढचं भराभर. शेवटी मी विचारलं, "कोणाचं राहिलं?" हे मी ठरवून ठेवलं होतं. क्षणभर शांतता होती. मग मागून कोणीतरी ओरडलं, "टँकरवाला!" खरंच राहिला होता. चौदा दिवसांच्या पाण्याची गोष्ट मी सांगितली आणि पाणी आणणाराच राहिला. तो पंगतीच्या कडेला उभा होता. त्याचं नाव मी तिथेच घेतलं, आणि एक दिवस वगळता तो रोज आला होता हेही सांगितलं. लोक हसले, तोही हसला. नाव राहणारच, दाजी. एवढ्या माणसांत ते राहतंच. राहिलेलं नाव भरून काढायला शेवटी एक प्रश्न ठेवला की झालं. त्यासाठी सगळीच नावं गाळायची, हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे.

आणि ते ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष’ वाक्य. त्यात कोण आहे? तेच वाक्य लग्नात चालतं, शाळेच्या गॅदरिंगला चालतं, दहाव्याच्या विधीनंतरही चालतं. ते ऐकताना तात्यांना आपली आळी आठवली नसती आणि मिस्त्रींना तो सहावा फूट. दाजींनी शाळेत मुलांना निबंध शिकवताना ‘मोघम लिहू नका’ असं सांगितलं असेल. मी त्यांचंच ऐकलं आहे.

आपल्यात ही रीतच नाही, असंही काही जण म्हणाले. रीत आहे. चौकट बसवताना मिस्त्रीला टोपी-टॉवेल आणि नारळ देतातच. स्लॅबच्या दिवशी सगळ्या टोळीला जेवण घालतातच. पण चौकटीचा मान एकट्या मिस्त्रीला मिळतो, आणि वास्तुशांतीच्या दिवशी तर बहुतेक घरांत कामगार नसतातच. मुहूर्त कामाच्या दिवशी निघतो, ते दुसरीकडे स्लॅबवर असतात, आले तर संध्याकाळी शेवटच्या पंगतीला येतात. आम्हाला गुरुजींनी तीन तारखा काढून दिल्या होत्या. त्यातली बाजाराच्या दिवशी येणारी आम्ही धरली, कारण त्या दिवशी बांधकाम बंद असतं. होम झाला, वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात ठेवला, नैवेद्य झाला, आणि पहिल्या पंगतीची पानं मांडायच्या आधी मी बोलले. पहिल्या पंगतीला कामगार बसले. भुकेल्या माणसांसमोर चार मिनिटांच्या वर बोलू नये, म्हणून मी आदल्या रात्री घड्याळ लावून वाचून पाहिलं होतं. आधी सात मिनिटं झाली. तीन मिनिटांचं माझं स्वतःबद्दलचं होतं, कर्जाचं, मनस्तापाचं. ते सगळं काढलं.

आता शेवटची गोष्ट. ती दाजींना उत्तर म्हणून सांगायची नव्हती, पण नावाचा विषय निघाला की मला तीच आठवते.

सुरुवातीला हजेरी ठेकेदार लिहायचे. मी वही पाहिली तेव्हा पुरुषांची नावं होती आणि शेवटच्या ओळीत ‘बाया २’. रोज तेच, ‘बाया २’. जोत्यापासून वही मी घेतली आणि त्या दोघींना नावं विचारली. थोरली म्हणाली, "वहिनी, बायाच लिवा. आम्ही काय, आज हितं उद्या तिथं." मी नावं लिहिली. रोज लिहिली. माझं भाषण त्या वहीतून आलं. वही नसती तर त्या दोघी माझ्याही तोंडून ‘बाया’च राहिल्या असत्या.

वास्तुशांतीनंतर दीड महिन्याने थोरली घरी आली. बांधकाम कामगार म्हणून मंडळाकडे नोंदणी करायची होती, पोराच्या शिक्षणाला तिथून मदत मिळते असं तिला कोणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरं आहे. महाराष्ट्रात हे कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये झालं. नोंदणीची अट १९९६ च्या कायद्यातून आलेली आहे: वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामाचं काम. हे ९० दिवस एकाच मालकाकडचे हवेत असं कायद्यात नाही. दाखला मात्र हवा. तो ठेकेदार देतो, गावात ग्रामसेवकही देतात, पण कोणीतरी त्यांना सांगावं लागतं की ही बाई अमुक दिवस इथे कामाला होती.

मी वही काढली. माझ्याकडे तिचे ६१ दिवस निघाले, तारखांसकट. ते लिहून दिले. उरलेले दिवस तिने रस्त्यापलीकडच्या एका बांधकामावर काढले होते, महिन्याच्या वर. मी तिच्याबरोबर तिथल्या मालकाकडे गेले. माणूस भला होता, त्याने लगेच हजेरीची वही मागवली, पानं उलटली आणि तिच्याकडे बघून विचारलं, "नाव काय तुमचं?"

त्याच्या वहीत सगळीकडे ‘बाया २’ लिहिलेलं होतं. तिला दाखला मिळाला नाही.